नफा वहीत, पैसा वाटेवर

प्रस्तावना

कलबुर्गी आणि बीदर जिल्ह्यांत नवी तूर बाजारात येऊ लागते ती डिसेंबरअखेरीस. जानेवारी-फेब्रुवारीत कलबुर्गीच्या नेहरू गंजात, तसेच हुमनाबाद, भालकी, बसवकल्याणच्या बाजारांत आवक ऐन भरात असते. डाळ मिलचा वर्षातला सर्वांत चांगला धंदा याच दिवसांत होतो. आणि याच दिवसांत मिलचा मालक बँकेत सर्वाधिक खेपा घालत असतो. धंदा जोरात असताना पैशाची चणचण का भासते, हा प्रश्न या भागातल्या जवळपास प्रत्येक मिलमध्ये दर हंगामात विचारला जातो आणि बहुतेक वेळा ‘उधारी अडकली’ एवढ्या उत्तरावर सोडून दिला जातो. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. किती अडकली, कोणत्या महिन्यात अडकणार आणि हे आधी कळले असते तर काय करता आले असते, हे त्यातून समजत नाही. ते समजावे म्हणून ही पुस्तिका.

आळंद, भालकी, औराद, बसवकल्याण या पट्ट्यात घरात मराठी, बाजारात कन्नड आणि बँकेत इंग्रजी, असा व्यवहार चालतो. वाणिज्य शाखेत शिकलेल्या मुलांना अंदाजपत्रकाची व्याख्या पाठ असते. पण गावातल्या मिलचा हिशोब त्या साच्यात कसा बसवायचा, हे कुणी दाखवलेले नसते. म्हणून पुढचे सगळे विवेचन तुरीच्या डाळ मिलवर उभे केले आहे. ‘गुलबर्गा तूरडाळ’ या नावाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, इतका हा धंदा या मातीशी जोडलेला आहे. शिवाय खरेदी रोखीची आणि विक्री उधारीची, हा पेच या धंद्यात जितका उघड दिसतो तितका क्वचितच इतरत्र दिसतो. शेतकऱ्याची पट्टी थांबवता येत नाही, अडत्याचे देणे फार तर काही दिवस लांबवता येते. डाळ मात्र लातूर, सोलापूर, पुणे किंवा हैदराबादच्या घाऊक व्यापाऱ्याकडे जाते आणि तिचे पैसे महिन्या-दोन महिन्यांनी हप्त्याहप्त्याने येतात.

या पुस्तिकेत दोन अंदाजपत्रके शिकायची आहेत. लवचिक अंदाजपत्रक सांगते, किती क्विंटल तूर भरडली तर किती खर्च होईल आणि किती नफा राहील. रोख अंदाजपत्रक सांगते, कोणत्या महिन्यात हातात किती पैसा येईल आणि किती जाईल. अनेक जण यांपैकी एकच करतात. दोन्ही एकमेकांना जोडल्याशिवाय मिलवाल्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे मला या प्रस्तावनेत एका उदाहरणातून दाखवायचे आहे. उदाहरणातली मिल कल्पित आहे. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून दरही सोयीचे घेतले आहेत.

समजा, एक क्विंटल तूर ७,४०० रुपयांना मिलमध्ये येऊन पडते. ती चाळून, तेल-पाणी लावून, वाळवून, रोलवर साल काढून फोडली की ७० किलो डाळ निघते, २६ किलो चुनी-भुसा मिळतो आणि ४ किलोची घट येते. डाळ १०५ रुपये किलोने आणि चुनी-भुसा सरासरी २५ रुपयांनी गेला, तर एका क्विंटल तुरीमागे ७,३५० आणि ६५० मिळून ८,००० रुपयांची विक्री होते. वीज, तेल, बारदाना, हमाली, रोजंदारी आणि रोलची झीज यांवर क्विंटलमागे २५० रुपये खर्च येतो. म्हणजे ८,००० मधून ७,६५० वजा जाता ३५० रुपये उरतात. मिलचा महिन्याचा ठरलेला खर्च या ३५० रुपयांतूनच भागायचा आहे. पगार, भाडे, विमा, विजेचा स्थिर आकार आणि यंत्रांचा घसारा मिळून तो २ लाख रुपये धरू.

आता भरड बदलून पाहा. महिन्याला ६०० क्विंटल भरडले तर २ लाख १० हजार उरतात आणि ठरलेला खर्च वजा जाता नफा फक्त १० हजार. १,००० क्विंटलला नफा दीड लाख आणि १,४०० क्विंटलला २ लाख ९० हजार. भरड सव्वादोनपटीहून थोडी अधिक वाढली, तर नफा २९ पट झाला. हेच लवचिक अंदाजपत्रक. एका आकड्यावर बेतलेले अंदाजपत्रक हंगामी धंद्यात पहिल्याच महिन्यात कोलमडते. हे मात्र भरडीबरोबर हलते.

त्याचा दुसरा उपयोग खर्चावर नजर ठेवण्याचा आहे आणि तो सहसा निसटतो. समजा, महिन्याला १,००० क्विंटल भरडायचे ठरवून प्रक्रियेसाठी अडीच लाख रुपये मंजूर केले. प्रत्यक्षात ७०० क्विंटलच भरडले गेले आणि खर्च झाला १ लाख ९६ हजार. हिशोबनीस सांगतो, ५४ हजार वाचले. पण ७०० क्विंटलला २५० रुपयांनी १ लाख ७५ हजारच लागायला हवे होते. वाचणे दूरच, २१ हजार जास्त गेले आहेत. ते बारदान्यात गेले, रोजंदारीत गेले की रोल झिजल्यामुळे वीज जास्त ओढली गेली, हे मग शोधता येते. ज्या तुलनेत भरड सारखी धरलेली नाही, ती तुलना मालकाला खोटे समाधान देते.

यात एक अडचण विजेच्या बिलाची. जेस्कॉमच्या बिलात जोडभारावरचा स्थिर आकार असतो आणि वापरलेल्या युनिटांचा आकारही असतो. म्हणजे वीज ना पूर्ण ठरलेल्या खर्चात बसते, ना पूर्ण बदलत्या खर्चात. ती वेगळी काढायची सोपी रीत अशी. वर्षातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त भरडीचा महिना घ्या. ६०० क्विंटलला बिल ६६ हजार आणि १,४०० क्विंटलला १ लाख १४ हजार आले असेल, तर ८०० क्विंटलच्या फरकाला ४८ हजार पडले, म्हणजे क्विंटलमागे ६० रुपये. ६०० क्विंटलचे ३६ हजार वजा केले की ३० हजार रुपये ठरलेला भाग निघतो. या रीतीला मर्यादा आहे. दोन महिन्यांपैकी एखादा मोटार जळाल्याचा किंवा वीजदर बदलल्याचा असेल, तर उत्तर चुकेल. म्हणून ते मधल्या एखाद्या महिन्याच्या बिलाशी ताडून पाहावे.

आता रोख अंदाजपत्रक. आपल्या मिलने नोव्हेंबरात ४०० आणि डिसेंबरात ६०० क्विंटल भरडून विकले. पुढचा बेत जानेवारीत १,०००, फेब्रुवारीत १,४०० आणि मार्चमध्ये १,००० क्विंटलचा आहे. ज्या महिन्यात तूर घेतली त्याच महिन्यात डाळ विकली गेली, असे धरू. तेव्हा विक्री अनुक्रमे ३२, ४८, ८०, ११२ आणि ८० लाख रुपये होते. वसुलीचा अनुभव असा की विक्रीच्या महिन्यात २० टक्के रक्कम येते, पुढच्या महिन्यात ५० टक्के आणि त्यापुढच्या महिन्यात उरलेले ३० टक्के. त्यामुळे जानेवारीत हाती येणारे पैसे तीन महिन्यांच्या विक्रीतून जमतात. जानेवारीच्या ८० लाखांतले १६, डिसेंबरच्या ४८ लाखांतले २४ आणि नोव्हेंबरच्या ३२ लाखांतले ९.६, मिळून ४९.६ लाख. तुरीचे आणि प्रक्रियेचे पैसे मात्र त्याच महिन्यात द्यायचे आहेत. ठरलेल्या २ लाखांतला ४० हजारांचा घसारा ही वहीतली नोंद आहे, त्यासाठी कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत. म्हणून रोखीत १.६ लाखच धरले आहेत. जानेवारीच्या पहिल्या तारखेला हातात १२ लाख आहेत.

| (लाख रुपये) | जानेवारी | फेब्रुवारी | मार्च |
|---|---|---|---|
| सुरुवातीची शिल्लक | १२.० | −१६.५ | −४८.४ |
| वसुली | ४९.६ | ७६.८ | ९६.० |
| तूर खरेदी | ७४.० | १०३.६ | ७४.० |
| प्रक्रिया खर्च | २.५ | ३.५ | २.५ |
| ठरलेला रोख खर्च | १.६ | १.६ | १.६ |
| अखेरची शिल्लक | −१६.५ | −४८.४ | −३०.५ |

लवचिक अंदाजपत्रकानुसार या तीन महिन्यांचा नफा दीड, २.९ आणि दीड, असा मिळून ५ लाख ९० हजार होतो. रोख अंदाजपत्रकानुसार फेब्रुवारीअखेर मिलला ४८ लाख ४० हजार रुपये कमी पडतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. सर्वांत जास्त नफ्याचा महिना हाच सर्वांत मोठ्या तुटीचा महिना आहे आणि हा योगायोग नाही. भरड वाढते तेव्हा खरेदीचे पैसे लगेच वाढीव प्रमाणात बाहेर जातात आणि वसुली मात्र आदल्या, लहान महिन्यांच्या विक्रीवर चालत असते.

पैसा गेला कुठे, याचा ताळाही जुळतो. एक जानेवारीला व्यापाऱ्यांकडे ४८ लाख येणे होते. मार्चअखेर ते ९७.६ लाख झाले, म्हणजे ४९.६ लाखांची भर पडली. नफा ५.९ लाख आणि घसाऱ्याचे १.२ लाख मिळून ७.१ लाख हाती यायला हवे होते. ते आणि सुरुवातीचे १२ लाख मिळून १९.१ लाख. त्यातून ४९.६ लाख वजा केले की तक्त्यातले उणे ३०.५ लाख येतात. ज्याने दोन्ही अंदाजपत्रके केली आहेत त्याने हा ताळा दर वेळी घ्यावा. तो जुळला नाही, तर बहुधा घसारा रोखीत मोजला गेला आहे किंवा एखाद्या महिन्याची वसुली दोनदा धरली गेली आहे.

ही तूट बँकेच्या सीसी खात्यातून भागते आणि तिथेच पुढचा निर्णय येतो. समजा, मर्यादा ४५ लाखांची आहे. फेब्रुवारीअखेर ३.४ लाख कमी पडणार, हे आपल्याला डिसेंबरातच दिसले. आता काय करायचे? पहिला मार्ग फेब्रुवारीची भरड कमी करण्याचा. एक क्विंटल कमी भरडले की ७,६५० रुपये बाहेर जायचे वाचतात, पण त्या महिन्यात येणारे २० टक्के, म्हणजे १,६०० रुपये येत नाहीत. निव्वळ ६,०५० रुपये मोकळे होतात. ३.४ लाखांसाठी ५७ क्विंटल भरड कमी करावी लागेल आणि क्विंटलमागे ३५० प्रमाणे सुमारे २० हजारांचा नफा सोडावा लागेल. दुसरा मार्ग वटावाचा. जानेवारीच्या विक्रीतले २४ लाख मार्चमध्ये यायचे आहेत. त्यांपैकी साडेतीन लाख एक टक्का वटाव देऊन फेब्रुवारीतच मागवले, तर खर्च ३,५०० रुपये. २० हजार सोडायचे की साडेतीन हजार, हे आता मालकाला तर्काने ठरवावे लागत नाही. एका अंदाजपत्रकाने तूट दाखवली, दुसऱ्याने ती भरून काढण्याची किंमत सांगितली. या दोघांना जोडण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

वसुली थोडी लांबली तर काय होते, तेही करून पाहावे. जानेवारीच्या विक्रीपासून दुसऱ्या महिन्यात ५० ऐवजी ४० टक्केच आले आणि बाकीचे ४० तिसऱ्या महिन्यात गेले, असे धरा. एक पैसाही बुडालेला नाही आणि वहीतला नफा तेवढाच आहे. तरीही फेब्रुवारीअखेरची तूट ५६.४ लाखांवर जाते. आठ लाखांचा हा फरक लवचिक अंदाजपत्रकात कुठेही दिसत नाही.

तुरीचा भाव चढला तरी असेच घडते. फेब्रुवारीत तूर क्विंटलला ६०० रुपयांनी महागली आणि मिलने डाळीचे दर तेवढेच रुपये भरून निघतील इतके वाढवले, तर क्विंटलमागे उरणारे ३५० तसेच राहतात. पण १,४०० क्विंटलसाठी ८.४ लाख जास्त मोजावे लागतात आणि वाढीव विक्रीतले त्या महिन्यात फक्त १.६८ लाख येतात. आधीच्या बिलांची वसुली तर जुन्याच दराने होते. तूट ६.७२ लाखांनी वाढते. म्हणून भाव चढत असताना ‘माल महाग विकला जातोय’ म्हणून निर्धास्त राहू नये. सरकारी हमीभावच २०२४-२५ मधल्या ७,५५० वरून २०२५-२६ साठी ८,००० झाला. गेल्या वर्षीचे दर घालून केलेले अंदाजपत्रक खरेदी सुरू व्हायच्या आतच शिळे होते.

वसुली वेळेवर व्हावी यासाठी कायद्याचा आधार काही प्रमाणात मिळतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीने त्याला धार आली. मुदतीत पैसे न दिल्यास, ते प्रत्यक्ष दिले जातील त्या वर्षीच खरेदीदाराला ती रक्कम खर्च म्हणून दाखवता येते. उद्यम नोंदणी असलेल्या मिलने आपल्या बिलावर तो क्रमांक छापावा, त्यामुळे मार्चअखेरची वसुली हलायला मदत होते. पण जानेवारी-फेब्रुवारीची तूट या तरतुदीवर विसंबून भरून निघत नाही, कारण ४५ दिवस म्हणजेही दीड महिन्याची उधारी. आणि वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकावर कायद्याचा बडगा किती वेळा उगारायचा, हे प्रत्येकाने आपल्या बाजाराप्रमाणे ठरवायचे आहे.

आता या पद्धतीच्या मर्यादा. महिन्याचा तक्ता महिनाअखेरची शिल्लक दाखवतो, मधली खोली दाखवत नाही. तूर पहिल्या पंधरवड्यात जास्त घेतली आणि वसुली शेवटच्या आठवड्यात आली, तर बारा-पंधरा तारखेला तूट महिनाअखेरपेक्षा मोठी असू शकते. म्हणून हंगामात तक्ता आठवड्याचा करावा. आपण खरेदी आणि विक्री एकाच महिन्यात धरली. खऱ्या मिलमध्ये हंगामात तुरीचा साठा होतो आणि तेवढी तूट आणखी वाढते. तक्त्यात व्याजही धरलेले नाही. महिना एक टक्का धरला, तर तिन्ही महिनाअखेरच्या तुटींवर मिळून सुमारे ९५ हजार होतात, म्हणजे नफ्याचा जवळपास सहावा हिस्सा. आणि बँकेची मर्यादा कागदावर ४५ लाख असली तरी उचलता येणारी रक्कम दर महिन्याच्या साठा व येणे-विवरणावर ठरते. साधारणतः ९० दिवसांपेक्षा जुने येणे बँका त्यात धरत नाहीत. वसुली रेंगाळली की गरज वाढते आणि त्याच वेळी उचल घटते.

हे सगळे गणित ज्या आकड्यांवर उभे आहे ते म्हणजे २०, ५० आणि ३०. ते कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नयेत, या पुस्तिकेच्या सांगण्यावरूनही नाही. ते आपल्या खतावणीतून काढायचे असतात. गेल्या हंगामातल्या प्रत्येक बिलासमोर त्याच्या वसुलीची तारीख आणि रक्कम लिहा. बिलांची संख्या मोजू नका, रुपये मोजा. दहा लहान गिऱ्हाइके रोख देतात आणि दोन मोठी दोन महिने लावतात, अशा मिलमध्ये बिले मोजली तर वसुली फार चांगली वाटते. हंगामाचे महिने आणि बाकीचे महिने वेगळे ठेवा. टक्क्यांची बेरीज शंभर भरत नाही, असे आढळेल. वटाव, मालाच्या प्रतीवरून झालेली कटती आणि बुडालेली रक्कम मिळून दोन-तीन टक्के कमी पडतात. ते ओढूनताणून शंभर करू नका, कारण ती तूट कधीच भरून येणार नसते.

पुढचे पहिले प्रकरण खर्चाची विभागणी करते, दुसरे भरडीनुसार लवचिक अंदाजपत्रक मांडते, तिसरे खतावणीतून वसुलीचे टक्के काढते आणि चौथे तीन महिन्यांचा रोख तक्ता आठवड्यांत मोडून दाखवते. ज्यांच्याकडे वेळ थोडा आहे त्यांनी तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. हे काम नोव्हेंबरात, तूर शेतात उभी असतानाच करायचे आहे. बँकेकडे वाढीव मर्यादा मागायला, वटावाचा दर ठरवायला आणि कोणत्या गिऱ्हाइकाला किती उधार द्यायचे याचा निवाडा करायला तेव्हाच सवड असते. जानेवारीत पोती दारात आल्यावर फक्त पैसे मोजायचे काम उरते.